क्रियापद नसलेली ओळ: ब्लेकच्या ‘टायगर’चा खर्डा वाचताना

विल्यम ब्लेकची ‘द टायगर’ ही कविता बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. चार-चार ओळींची सहा कडवी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते प्रश्न. रात्रीच्या अरण्यात धगधगणाऱ्या वाघा, तुला घडवलं कोणी? ही कविता पाठ झाली तेव्हापासून तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ मला अडवत आली आहे. ‘व्हॉट ड्रेड हँड? अँड व्हॉट ड्रेड फीट?’ धडकी भरवणारा कुठला हात, आणि कुठले पाय? आधीच्या ओळीत वाघाचं हृदय नुकतंच धडधडू लागलेलं असतं, आणि लगेच हा हात, हे पाय. पण त्यांनी केलं काय? ओळीत क्रियापदच नाही. पुढच्या कडव्यात शोधावं तर तिथे हातोडा आणि साखळी सुरू होते.

वर्गात सांगितलेलं उत्तर असं होतं की कवी इथे भयाने थक्क होतो, म्हणून वाक्य तुटतं. ते पटण्यासारखं आहे. पण ते तुटलं कसं, हे पाहायचं असेल तर ब्लेकचा खर्डा उपलब्ध आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यानंतर मी तो बघायला बसले.

हा खर्डा एका वहीत आहे. वही मुळात ब्लेकच्या धाकट्या भावाची, रॉबर्टची. तो 1787 मध्ये गेला आणि वही ब्लेकने जपून वापरली. आधी त्यात चित्रं काढली, मग ती उलटी करून शेवटाकडून कविता लिहायला घेतल्या. 1847 मध्ये कवी-चित्रकार रोसेटीने ती दहा शिलिंगांना विकत घेतली, आणि आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पानांची छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात. ‘टायगर’चा खर्डा पान 109 वर सुरू होतो आणि समोरच्या 108 वर संपतो. वही उलटी धरलेली असल्यामुळे पानांचे आकडेही उलटे जातात. कविता छापली गेली ती 1794 मध्ये, ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरिअन्स’मध्ये. म्हणजे एका बाजूला खाडाखोडीने भरलेली दोन पानं आणि दुसऱ्या बाजूला कवीने स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला पाठ. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मिळणं अवघड.

संपादकांनी वाचून लावलेला खर्ड्याचा पाठ पुस्तकांत तयार मिळतो. तो मी मुद्दाम बाजूला ठेवला. आधी छायाचित्र मोठं करून स्वतः एकेक ओळ कागदावर उतरवली आणि मग संपादकांशी ताडून पाहिली. याचा फायदा असा की छापील पाठात कंसात निमूट बसलेला खोडलेला शब्द हस्ताक्षरात तसा दिसत नाही. तो खरोखर खोडलेला दिसतो, आणि त्याच्या जागी आलेला शब्द पुढे लिहिलाय की वर, हेही कळतं. खोडलेल्या शब्दाच्या पुढेच त्याच ओळीत नवा शब्द असेल, तर कवीने लिहिता लिहिता विचार बदललेला असतो. नवा शब्द वरच्या फटीत कोंबलेला असेल, तर ओळ पूर्ण झाल्यावर तो पुन्हा तिकडे आला होता. हा फरक कळला की एका सपाट पानाचे थर दिसू लागतात. कागदाच्या डाव्या अर्ध्यात मी खर्डा उतरवला, उजव्या अर्ध्यात छापील पाठ, आणि जिथे दोन्ही वेगळे तिथे मध्ये खूण. इतकं साधं काम आहे, पण घाई केली तर फुकट जातं.

माझी अडलेली ओळ खर्ड्यात सापडली, आणि तिच्याखाली छापील कवितेत नसलेलं एक आख्खं कडवं सापडलं. ब्लेकने ते काट मारून टाकलेलं आहे. त्याची पहिली ओळ अशी: ‘कुड फेच इट फ्रॉम द फर्नेस डीप’. खोल भट्टीतून ते बाहेर काढू शकले असते? हेच हरवलेलं क्रियापद! हात आणि पाय हे कर्ते होते, आणि त्यांचं वाक्य कडव्याची सीमा ओलांडून पुढे चाललं होतं. कोणते हात, कोणते पाय हे धडधडतं हृदय भट्टीतून आणू शकले असते आणि तुझ्या भेसूर बरगड्यांत, रक्ताळल्या दुःखाच्या विहिरीत बुडवू धजले असते? पुढे आणखी दोन ओळी आहेत: कोणत्या मातीत, कोणत्या साच्यात तुझे ते संतापाचे डोळे घडवले?

मग हे कडवं उडवलं का? कागदावर उतरवताना पहिली गोष्ट हाताला जाणवली. ते पाच ओळींचं आहे. बाकी सगळी कडवी चार ओळींची, दोन-दोन ओळींच्या यमकांची. इथे ‘डीप’ला ‘स्टीप’ आहे, ‘मोल्ड’ला ‘रोल्ड’ आहे, पण मधल्या ‘वो’ला, म्हणजे दुःखाच्या विहिरीच्या ओळीला, जोडीदारच नाही. ती एकटी लटकते आहे. एक तर तिला यमक सापडलं नाही, किंवा सापडण्याआधीच कवीला वाटलं की हा रस्ता आपला नव्हे.

मला दुसरं कारण जास्त पटतं, आणि ते पुढच्या कडव्यात दिसतं. खोडलेल्या कडव्यात दोन कारागीर एकमेकांत मिसळले आहेत. भट्टीपाशी उभा आहे तो लोहार, आणि माती व साचा हातात घेऊन बसला आहे तो कुंभार. बायबलमधला देव माणसाला मातीतून घडवतो, त्यामुळे निर्मात्याचा विचार करताना माती मनात येणं साहजिक होतं. पण हा वाघ मातीचा नाही, आगीचा आहे. पहिल्याच ओळीत तो जळतो आहे. पुढच्या कडव्यात हातोडा, साखळी, भट्टी, ऐरण, सगळं लोहाराचंच. माती तिथे पुन्हा येत नाही. आणि एक बारीक गोष्ट: ‘इन व्हॉट क्ले’ ही खोडलेली वाक्यरचना पुढे ‘इन व्हॉट फर्नेस वॉज दाय ब्रेन’ म्हणून पुन्हा उगवते. ‘फर्नेस’ हा शब्दही खोडलेल्या कडव्यातलाच. माझा अंदाज असा की कडवं काटल्यावर त्यातला उपयोगी ऐवज उचलून पुढच्यात लावला गेला. अंदाज म्हणते, कारण दोन कडव्यांमधला क्रम शाईवरून ठरवता येत नाही. पुढचं कडवं लिहून झाल्यावर ‘भट्टी दोनदा आली’ म्हणून आधीचं काटलं असेल, असंही म्हणता येतं.

माझी भाची इंग्रजीत एम.ए. करते. तिला मी ही दोन्ही पानं दाखवली. ती म्हणाली, “मावशी, मग ती ओळ म्हणजे नुसतं राहून गेलेलं शेपूट असेल ना? पुढचं कापलं, हे तसंच राहिलं. आपण उगाच त्यात थरार शोधतोय.”

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर द्यायचं तर पुन्हा पानाकडेच जावं लागतं. “अगं, तो एकदाच लिहून थांबला असता तर तू म्हणतेस ते मानलं असतं,” मी म्हटलं, “पण समोरचं पान बघ.” पान 108 वर ब्लेकने कविता पुन्हा एकदा स्वच्छ लिहून काढली आहे, फक्त चार कडव्यांची. त्यात हातोड्याचं कडवं नाही, दुसरंही नाही. पण हृदयाचं आहे, आणि ते याच अर्धवट ओळीवर संपतं. त्याच्याखाली लगेच ताऱ्यांचं कडवं. म्हणजे क्रियापद गेल्यावरही त्याने ती ओळ पुन्हा हाताने लिहिली आणि तशीच ठेवली. छापताना तर त्याने तिथे प्रश्नचिन्हं घातली. खर्ड्यात विरामचिन्हं जवळपास नाहीतच. छापील पाठात एका ओळीत दोन प्रश्नचिन्हं आहेत, हातानंतर एक आणि पायांनंतर एक. या दोन खुणांनी अपुऱ्या वाक्याचे दोन पुरे उद्गार झाले. ओळ सुरुवातीला अपघाताने उरली असेल, पण नंतर ती राखली गेली. खर्डा आणि छापील प्रत शेजारी ठेवल्याशिवाय या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

यानंतर मी कागदावरच्या सगळ्या खुणा एकत्र वाचल्या. खर्ड्यातून काय काय गेलं? वाघाच्या डोळ्यांतली आग आधी ‘क्रूएल’ होती. छापील पाठात ती नुसती आग आहे. बरगड्या ‘हॉरिड’ होत्या, त्या गेल्या. ‘सँग्विन वो’ गेलं. ‘आइज ऑफ फ्युरी’ गेले. वाघ क्रूर आहे, भेसूर आहे, संतापी आहे असं सांगणारं जवळजवळ प्रत्येक विशेषण गळालं आहे. उरलं काय? ‘फिअरफुल सिमेट्री’, म्हणजे पाहणाऱ्याला भय वाटावं अशी रेखीव घडण. आणि ‘ड्रेड’ हा शब्द छापील कवितेत निर्मात्याच्या हातापायांना आणि त्याच्या पकडीला लागतो, वाघाला नाही. ‘डेडली टेरर्स’ एवढा एक अपवाद शिल्लक आहे, आणि तो माझ्या म्हणण्यात नीट बसत नाही हेही खरं. पण एकूण ओघ स्पष्ट आहे. वाघाला दुष्ट ठरवलं की कविता तिथेच संपते, कारण मग उत्तर सोपं होतं: दुष्टाला दुष्टाने घडवलं. विशेषणं काढल्यावर वाघावरचा निकाल निघून जातो आणि सगळा प्रश्न घडवणाऱ्याकडे वळतो.

याचंच दुसरं टोक म्हणजे कोकराचं आगमन. ‘डिड ही हू मेड द लॅम मेक दी?’ ज्याने कोकरू केलं त्यानेच तुला केलं का? ही कवितेतली सर्वात प्रसिद्ध ओळ. 1789 च्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’मध्ये ब्लेकने कोकरावर स्वतंत्र कविता लिहिली होती. तिच्यात लहान मूल कोकराला विचारतं, तुला कोणी घडवलं, आणि स्वतःच उत्तरही देतं. त्यामुळे वाटतं की वाघाची कविता या प्रश्नासाठीच लिहायला घेतली असेल. पान 109 वर मात्र कोकरू कुठेच नाही. तिथे पहिलं कडवं शेवटी पुन्हा येऊन कविता मिटते सुद्धा. कोकरू येतं समोरच्या पानावर, भर घातलेल्या कडव्यात, आणि तिथेही पहिल्या दमात नाही. आधी लिहिलं आहे: आपलं काम बघून तो हसला का, आणि त्याच्या जोडीला ‘व्हॉट द शोल्डर व्हॉट द नी’, कुठला खांदा, कुठला गुडघा! अवयवांची यादी पुढे ओढायचा हा प्रयत्न. खांदा तर तिसऱ्या कडव्यात येऊन गेलेला. ती ओळ काटली, आणि ‘सी’शी जुळणाऱ्या ‘नी’च्या जागी ‘दी’ हे यमक घेऊन कोकराची ओळ आली.

ही जागा मी कितीतरी वेळ पाहत बसले होते. एका कमकुवत ओळीचं यमक भरून काढताना कवितेचा कणा सापडला आहे. आणि तो सापडल्यावर ब्लेकने काय केलं तेही पाहण्याजोगं आहे. आधी हसण्याचा आणि कोकराचा प्रश्न वर होता, तारे भाले टाकून आकाश अश्रूंनी भिजवतात त्या दोन ओळी खाली. स्वच्छ लिहिताना त्याने जोड्या उलट केल्या. तारे वर गेले, आणि कडवं कोकराच्या प्रश्नावर संपू लागलं. ‘लाफ’ आणि ‘स्माइल’ यांच्यातही हात घुटमळला आहे. छापताना ‘स्माइल’ राहिलं. मोठ्याने हसणाऱ्या निर्मात्याकडे पाहून आपण लगेच काहीतरी ठरवून टाकतो. स्मित करणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, म्हणून प्रश्न उघडा राहतो.

इथपर्यंत आल्यावर असं वाटू लागतं की खर्ड्याकडून छापील प्रतीकडे जाणं म्हणजे पायरी पायरीने वर चढणं. ती समजूत माझ्या कागदावरच्या खुणांनीच मोडली. हातोड्याच्या कडव्यात ब्लेकने आधी ‘व्हॉट द हॅमर’ लिहिलं, मग ‘व्हॉट’ खोडून ‘व्हेअर’ केलं. छापील पाठात पुन्हा ‘व्हॉट’ आहे. दुसऱ्या कडव्याची सुरुवात ‘इन व्हॉट डिस्टंट डीप्स’ अशी होती, ती बदलून त्याने प्रश्नाचं विधान केलं आणि त्यातच ती ‘क्रूएल’ आग आली. छापताना पहिलाच प्रश्न परत आणला. ‘ग्रास्प’ आणि ‘क्लास्प’ या यमकाच्या शब्दांनी तर आपसांत जागा बदलल्या आणि पुन्हा मूळ ठिकाणी येऊन बसले. म्हणजे काही ठिकाणी छापील शब्द हा पहिलाच शब्द आहे, फक्त दुसरा तपासून पाहिल्यानंतरचा. केवळ शेवटचा खर्डा आणि छापील पाठ एवढंच ताडलं असतं, तर हे शब्द ‘नवीन’ वाटले असते.

आणि इथेच या पद्धतीची हद्दही लागते. वही आणि तांब्याचा पत्रा यांच्या मधला टप्पा आपल्या हाती नाही. वगळलेली दोन कडवी परत कधी घेतली, ‘क्रूएल’ नेमकं केव्हा गेलं, हे कुठल्याही पानावर दिसत नाही. पहिल्या कडव्यात ‘कुड फ्रेम’ आणि शेवटच्या कडव्यात ‘डेअर फ्रेम’, घडवू शकला असता आणि घडवायला धजला, हा छापील कवितेतला सुरेख फरकही त्याच अंधारात पक्का झाला. खर्ड्यात हे दोन शब्द एकमेकांना खोडत राहतात, पण त्यांना दोन टोकांना बसवायची कल्पना केव्हा आली ते पानावरून सांगता येत नाही.

माझ्या ओळीकडे परत येते, कारण तिची कथा 1794 मध्ये संपली नाही. 1806 मध्ये बेंजामिन मॅल्किन नावाच्या गृहस्थाने आपल्या पुस्तकात ही कविता छापली, आणि तिथे ओळ आहे: ‘व्हॉट ड्रेड हँड फोर्ज्ड दाय ड्रेड फीट?’ कोणत्या हाताने तुझे पाय घडवले? क्रियापद आलं, वाक्य पुरं झालं, आणि पाय निर्मात्याचे होते ते वाघाचे झाले. पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कामाबद्दल वाचताना पाठभेदांचा एक जुना नियम कळतो: दोन पाठांपैकी सोपा पाठ संशयाने बघावा, कारण अवघड ओळ सोपी करायचा मोह सर्वांना होतो, सोपी ओळ कुणी अवघड करत नाही. त्या नियमाने ‘फोर्ज्ड’ बाद व्हायला हवा, कुणा वाचकाने केलेली दुरुस्ती म्हणून.

पण हा नियम नकलाकारांसाठी आहे, आणि इथे कवी स्वतः गोष्ट गुंतागुंतीची करतो. ब्लेक पुस्तकं एकेक करून छापत असे. तांब्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने अक्षरं उलटी लिहायची, आम्लाने बाकीचा भाग खाऊ द्यायचा, मग छापून हाताने रंगवायचं. एकदा पत्रा तयार झाला की ओळ बदलणं सोपं नाही. तरी एका प्रतीत या ओळीत शाईने बदल केलेला आहे, आणि तो ब्लेकचाच मानला जातो: ‘व्हॉट ड्रेड हँड फॉर्म्ड दाय ड्रेड फीट?’ म्हणजे ओळ त्यालाही कधीतरी खटकली. मात्र त्याच पत्र्यावरून 1820 नंतर, आयुष्याच्या अखेरीस, काढलेल्या प्रतींत दोन प्रश्नचिन्हांची ती जुनी ओळच आहे. हाताने रंग भरताना क्रियापद घालायची संधी प्रत्येक प्रतीत होती, आणि बहुतेक ठिकाणी ती त्याने सोडून दिली. भाचीचं म्हणणं पुरतं खोडता येत नाही ते या एका प्रतीमुळे, आणि माझं म्हणणं टिकतं ते या उरलेल्या प्रतींमुळे.

विशेषणांबद्दलचं माझं निरीक्षण एकाच कवितेपुरतं आहे का, हे पाहायला मी त्याच वहीतल्या ‘लंडन’ कवितेचा खर्डा काढला. तिथे सुरुवातीला रस्ते ‘डर्टी’ आहेत आणि थेम्स नदीही ‘डर्टी’. छापील पाठात दोन्ही ‘चार्टर्ड’ आहेत, म्हणजे सनदेने कुणाच्या तरी हक्कात बांधलेले. इथेही निकाल देणारं विशेषण गेलं, आणि त्याच्या जागी घाण कुणाच्या मालकीतून आली हे विचारायला लावणारा कायद्याचा शब्द आला. पुढच्या कडव्यात मात्र बदल वेगळ्या जातीचा आहे. ‘जर्मन फोर्ज्ड लिंक्स’, जर्मनांनी घडवलेले साखळदंड, यांचे ‘माइंड-फोर्ज्ड मॅनकल्स’ झाले, मनानेच घडवलेल्या बेड्या. तिथे विशेषण गळालेलं नाही. घडवणाराच बदलला आहे, आणि त्यासाठी मला कागदावर नवी खूण ठरवावी लागली.